पोळ्याच्या दिवशी मी चार्जरची वायर कापली

आमच्या घरात बैल नाहीत. वडिलांनंतर शेत ट्रॅक्टरवर गेलं, बैलजोडी गेली, आणि पोळ्याच्या दिवशी पुरणाच्या पोळ्या कुणाच्या नावाने खायच्या हा प्रश्न उरला. दोन वर्षं आम्ही मातीच्या बैलांच्या नावाने खाल्ल्या. यंदा मात्र घरात खरं जनावर आलं होतं. बायकोची विजेवर चालणारी स्कूटर.

बायको पंचेचाळिशीत गाडी शिकली. तिला शिकवताना मी दोनदा पडलो, ती एकदाही पडली नाही, आणि हे ती आल्यागेल्याला सांगते. तिचं माहेर रनाळ्याचं. आमच्या गावापासून सोळा-सतरा किलोमीटर. तिच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, उन्हाळ्यात आपली शेवटची जोडी विकली. गुडघे साथ देईनात. तेव्हापासून ते फोनवर पिकांबद्दल बोलायचे, पावसाबद्दल बोलायचे, पण पोळ्याचा विषय निघाला की आपल्या अहिराणीत म्हणायचे, "यंदा मन्हाकडे काय शे पुजाले?"

त्यावर बायकोने शब्द दिला होता. पोळ्याला मी माझी गाडी घेऊन येते. मी चालवत येते. चार वाजता गावातले बैल वेशीतून मारुतीच्या पाराकडे निघतात, त्याच्या आधी येते. तुम्ही गाडीची पूजा करा.

आप्पा हसले म्हणे. पण नंतर सासूबाईंनी सांगितलं की त्यांनी गोठा झाडून घेतला.

तर, पोळ्याची सकाळ. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे सजावटीचं खातं आपोआप माझ्याकडे आलं, कुणी दिलं नव्हतं तरी. सात वाजता मी गाडी होती तिथेच, ओट्यावर, धुतली. आरशांना केशरी रंग दिला, कारण शिंगांना देतात तसा कुठे तरी द्यायलाच हवा होता. बायको बाहेर आली, आरशात पाहिलं, तिला काहीच दिसेना.

"मागून ट्रक ऊना त काय करू?"

"आज पोळा आहे. आज मागचे लोक जपून चालतील."

तिने ओल्या फडक्याने आरशांच्या काचा पुसल्या आणि केशरी रंग फक्त कडांना ठेवला. मला ते सौंदर्यदृष्ट्या पटलं नाही. पुढे हेडलाइटला बाशिंग बांधलं. सीटवर झूल टाकली, ती खरी बैलाची होती, माळ्यावर ठेवलेली. हॅंडलला घुंगरमाळ. शेजारची दोन घरं ओट्याशी येऊन उभी राहिली आणि एका वहिनींनी विचारलं, "गुरुजी, हिला शेपटी नाही का?" मी विचारात पडलो. खरोखर पडलो.

आमच्या घराण्यात पोळ्याची एक रीत आहे. बैलाची जुनी मोरकी सोडायची नाही, विळ्याने कापायची आणि नवी घालायची. जुनी दोरी सोडली तर पुन्हा कुणीतरी बांधेल, कापली की संपली, असं वडील म्हणायचे. माझ्या अंगात तेव्हा वडील संचारले होते. स्कूटरला मोरकी नव्हती, पण रात्री वाऱ्याने कव्हर उडू नये म्हणून हॅंडलला नायलॉनची दोरी गुंडाळून बोर्डाशेजारच्या खांबाला बांधलेली होती. ती कळकट होती. कापण्यालायक होती.

त्याच हॅंडलवर चार्जरही लटकत होता. रात्री गाडी चार्जिंगला लावली, पण थोड्याच वेळात वीज गेली ती आलीच नव्हती, म्हणून चार्जर तसाच राहिला होता. त्याची वायर आणि माझी दोरी रात्रीच्या अंधारात खांबापाशी एकत्र गुंडाळली गेली होती. कुणी गुंडाळली, हा भाग मी या लेखातून वगळतो.

मी विळा उचलला, "जय" म्हणालो आणि एका झटक्यात ओढला. दोरी कापली गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बायकोने टाळ्या थांबवल्या आणि खाली पाहिलं. काळ्या वायरीचा एक तुकडा, त्याला तीन पिनांची पिन, भिंतीवरच्या बोर्डात तशीच खोचलेली, आणि दुसरं टोक ओट्यावर. पिनेपासून जेमतेम चार बोटांवर वायरचे दोन तुकडे झाले होते.

तिने आधी बोर्डाचं बटण बंद केलं, पिन उपटली, मग बोलली.

"वीज रही असती त तुम्हलेच पुजायले लागनं असतं."

माझ्या हातात विळा होता, लाकडी मुठीचा, आणि तो मी इतक्या हळू खाली ठेवला की जणू तोच आता पेटणार आहे.

गाडीत चार्ज होता अठ्ठावीस टक्के. जायला पुरेल, यायला नाही. आणि दहा वाजता वीज येते असं सबस्टेशनचा माणूस सांगत होता. म्हणजे दहा ते दोन चार तास चार्जिंग, दोनला निघायचं, तीनच्या आत रनाळ्याला. बायकोने असा सगळा हिशोब मांडला होता आणि तो मी विळ्याने कापला होता.

इथे माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. मी काळी पट्टी लावतो. इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी. माझ्या चष्म्याच्या काडीला आहे, टीव्हीच्या रिमोटला आहे, मिक्सरच्या झाकणाला आहे, आणि मोबाइलच्या पांढऱ्या चार्जिंग वायरीला तर तीन ठिकाणी आहे, तिला घरातले लोक झेब्रा म्हणतात. पट्टी लावली की वस्तू बरी होते, अशी माझी श्रद्धा आहे. तर मी खोलीत गेलो, पट्टी आणली, दातांनी वायरचं आवरण सोललं. आत तीन तारा. तपकिरी, निळी, आणि एक हिरवी-पिवळी. तपकिरीला तपकिरी पिळली, निळीला निळी पिळली. हिरवी-पिवळी जरा आखूड पडत होती, आणि तीही दिसायला शोभेची वाटत होती, म्हणून ती बाजूला दुमडली. वर गच्च पट्टी. माझ्या हाताला पोळ्यांचं तूप लागलेलं होतं. ओटा धुतल्यामुळे ओला होता. ही सगळी माहिती मी आज देतो आहे. तेव्हा मला ती माहिती वाटत नव्हती.

दहाला वीज आली. चार्जरचा लाल दिवा लागला. घरात आनंद झाला, शेजारच्या दोन्ही घरांत झाला. बायकोने नवी साडी काढली. मी शेपटीसाठी सुतळी शोधायला लागलो.

साडेदहाला मेहुणी आली.

माझी ही मेहुणी बायकोची धाकटी बहीण. नंदुरबारला एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवते. बोलता बोलता अहिराणी बोलते, पण वायरीचा विषय निघाला की तिची वर्गातली शुद्ध मराठी सुरू होते, आणि तेव्हा मला माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापकांची आठवण येते. दोघी बहिणी मिळून रनाळ्याला जाणार होत्या. ती स्वतःच्या पेट्रोलच्या गाडीवर, बायको स्कूटरवर.

ती आली, बाशिंग पाहून पोट धरून हसली, झूल पाहून आणखी हसली, मग तिचं लक्ष बोर्डाकडे गेलं.

"दाजी, हाई कोनी बांधं?"

"मी." मी थोडा अभिमानानेच म्हणालो.

तिने बटण बंद केलं, पिन काढली, मग बोटांनी तो काळा गोळा धरला आणि माझा हात ओढून त्यावर ठेवला. गोळा कोमट होता. उकडलेल्या अंड्यासारखा.

"चार्जर गरम होतोच की," मी म्हणालो.

"चार्जर होऊ द्या. वायर का व्हावी?" झालं, शुद्ध मराठी सुरू. "दाजी, या वायरीत बारीक तांब्याचे केस असतात, जुडीने. तुम्ही दातांनी सोलली, त्यात किती तुटले? जे उरले ते पिळून एकमेकांवर ठेवले. मग सगळा करंट त्या सैल पिळातून जातो आणि तिथेच तापतो. बाकी वायर थंड, बोर्ड थंड, ही एकच जागा गरम. आणि ती जागा तुम्ही पट्टीखाली लपवली."

तिने पट्टीचं टोक नखाने ओढलं. एवढं गच्च लावलेलं, ते लोणच्याच्या फोडीवरच्या सालीसारखं सरकत निघून आलं.

"तूप," ती म्हणाली. "तूप, पाणी आणि उष्णता. पट्टीचा गोंद याला टिकत नाही. थंड असताना चिकटून असते, गरम झाली की सरकते. बघा, हा तांब्याचा केस बाहेर आलाच होता. खाली ओटा ओला. वर माझी बहीण, नव्या साडीत, अनवाणी."

मी बायकोकडे पाहिलं. ती खरंच अनवाणी उभी होती, ओल्या ओट्यावर, हातात पूजेचं ताट. 

"आणि हिरवी-पिवळी कुठे आहे?"

"ती... दुमडली. आखूड होती."

"ती अर्थिंगची आहे. चार्जरच्या आत काही बिघडलं आणि बॉडीत करंट आला, तर तो त्या तारेतून जमिनीत जावा म्हणून. ती नाही, तर तो दुसरी वाट शोधेल." तिने बोटाने पुन्हा बायकोचे पाय दाखवले. "तुमच्या शाळेत पुठ्ठ्याच्या बैलाला पट्टी लावा, दाजी. मी काही म्हणणार नाही."

बायकोने ताट खाली ठेवलं. "म्हणजे गाडी जाणार नही?"

मेहुणीने वायर उलटसुलट केली. "थांब ताई. कापलंय पिनेजवळच. एवढा भाग फेकला तरी वायर पुरते. ही जाड, तीन तारांची वायर आहे. पिनच नवी बसवली तर जोड उरतच नाही मध्ये. हे चालतं. मधोमध कापली असती तर मी हात लावला नसता." मग माझ्याकडे वळून, "तीन पिनांची टॉप, म्हणजे अशीच नवी पिन, आणा. स्क्रूवाली, चांगल्या कंपनीची, हिच्याच मापाची. आता. धावत."

मी धावलो नाही, पण वेगाने चाललो. आधी स्वतःच्याच घरात. जुन्या टेबलफॅनची दोन पिनांची पिन होती ती आणून दिली. तिने ती माझ्या हातात परत ठेवली, तीन बोटं दाखवून. मग इस्त्रीची तीन पिनांची आणली. ती तडकलेली होती. तिने ती दोन बोटांत धरून उचलली, मेलेली पाल उचलतात तशी.

शेवटी गावातल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात गेलो. दुकान पोळ्यासाठी बंद, आणि मालक मागच्या अंगणात आपल्या बैलांची शिंगं रंगवत होता. हिरव्या रंगाने बरबटलेल्या हातांनी त्याने शटर उचललं. मी काय झालं ते सांगितलं. पिन माझ्या हातात देऊन तो बैलाकडे पाहत म्हणाला, "मास्तर, मन्हा बैलले पिन नही, हाई बरं शे."

मेहुणीने ओट्यावर मांडी घालून शस्त्रक्रिया केली. आधी कापलेल्या जागेपासून मागे, अखंड आवरण लागेपर्यंत वायर कापून टाकली. मग आवरण सोललं, दातांनी नाही, कटरने. हिरवी-पिवळी वरच्या मोठ्या पिनेला, आणि तिला थोडी जास्त लांबी ठेवली, म्हणजे कुणी ओढलं तरी ती सगळ्यात शेवटी सुटेल. तपकिरी आणि निळी आपापल्या जागी. स्क्रू घट्ट. मग पिनेच्या तोंडाशी असलेल्या पकडपट्टीत वायरचं बाहेरचं काळं आवरण पकडलं, नुसत्या तारा नाही. "हे विसरतात लोक," ती म्हणाली. "ओढ आवरणावर यायला हवी, तारांवर नाही." झाकण लावलं, मग पिन धरून वायर जोरात ओढून पाहिली. हलली नाही.

शेजारच्या वहिनींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी आमच्याकडे टाळ्या फार स्वस्त होत्या. बायको हसली, मी सगळ्यांत मोठ्याने हसलो, कारण माझा गुन्हा मिटला होता.

"आता लाव," मी म्हणालो.

"एक मिनिट," मेहुणी म्हणाली आणि वायर बोटांतून सरकवायला लागली. आधी पिनेपासून चार्जरच्या डब्यापर्यंत. ठीक. मग डब्यापासून गाडीकडे जाणारी बारीक वायर. ती मध्येच थांबली. तिने वायर वाकवली, आणि वाकताच तिच्यावर तोंड उघडलं. एक स्वच्छ चीर. आत लाल, आणि लालच्या आत तांबं.

विळा एका झटक्यात दोन ठिकाणी लागला होता. दोरीचे दोन वेढे, वायरचेही दोन.

"हे मी आधी पाहायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "पिन बसवायच्या आधी पूर्ण वायर पाहायची, पोरांना रोज सांगते."

"तिथे पण पिन..." मी म्हणालो.

"तिथे पिन नाही, दाजी. हे टोक कारखान्यात साच्यात ओतलेलं. आत दोन जाड तारा बॅटरीकडे करंट नेतात, आणि दोन-तीन बारीक तारांवरून चार्जर आणि बॅटरी एकमेकांशी बोलतात, किती भरलं, कधी थांबायचं. ते मी कापून पिळलं आणि चुकीचा निरोप गेला तर? लिथियमची बॅटरी आहे, गाडीच्या पोटात. हिला पट्टी नाही, जोड नाही. कंपनीच्या डीलरकडून याच मॉडेलचा नवा चार्जर." आणि जाता जाता, "तुमची ती झेब्रा वायर पण तशीच. मोबाइलच्या बारीक वायरीला पिनही बसत नाही, पट्टीही नाही. टाकून द्या."

डीलरचं दुकान नंदुरबारला, आणि पोळ्याचा दिवस. तिने फोन लावला. उचलला गेला नाही.

बायको ओट्याच्या काठावर बसली. साडीचा पदर गुडघ्यावर ओढला. मला वाटलं आता रडेल, आणि मी मनातल्या मनात माझं भाषण तयार केलं, ज्यात ट्रॅक्टर होता, माझी मोटारसायकल होती, आणि बरीच क्षमायाचना होती. पण ती स्कूटरच्या पडद्याकडे पाहत होती, अर्ध्या तासात अठ्ठावीसवरून वाढलेल्या आकड्याकडे. चौतीस टक्के.

"जायला पुरतं?" तिने बहिणीला विचारलं.

"सावकाश गेलीस तर पुरतं. उरेलही थोडं. परत यायला नाही पुरणार."

"परत कोन ई ऱ्हायनं?"

मेहुणी तिच्याकडे पाहत राहिली, मग असं हसली की घुंगरमाळसुद्धा वाजली, म्हणजे तिने हॅंडलला हात टेकला म्हणून.

"मी आप्पांना सांगितलं होतं गाडी घेऊन येते," बायको म्हणाली. "गाडी घेऊन येते आणि घेऊन जाते, असं नव्हतं सांगितलं."

मी विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही घर सांभाळा. मिक्सरला पट्टी लावा."

निघायच्या आधी मेहुणीने पक्कड घेतली आणि चार्जरची ती बारीक वायर डब्याच्या अगदी जवळून कापून टाकली. मग नवी बसवलेली पिन सोडवली आणि आमच्या इस्त्रीला लावली. तिची वायर धडधाकट होती, फक्त पिन तडकलेली, आणि ते सांगताना ती माझ्याकडे अशी पाहत होती की मला गृहपाठ मिळाल्यासारखं वाटलं.

"माझ्यावर विश्वास नाही?" मी विचारलं.

"पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच कापते."

एक वाजता दोघी निघाल्या. पुढे बाशिंग बांधलेली स्कूटर, घुंगरांचा आवाज, केशरी आरसे, झुलीवर बसलेली माझी बायको, मागे स्वतःच्या गाडीवर मेहुणी. रस्त्यावरच्या लोकांनी वाट दिली. एका म्हाताऱ्याने हात जोडले. मी चालत वेशीपर्यंत गेलो, आणि मग न राहवून मोटारसायकल काढली आणि अंतर ठेवून मागे निघालो. घर सांभाळायचं होतं, पण घराला काय होणार होतं.

ती फार सावकाश गेली. एका ठिकाणी दौडत सुटलेल्या बैलजोडीने आम्हाला मागे टाकलं. बैल सजलेले होते, आणि मला वाटतं त्यांनी आमच्याकडे जरा वरून पाहिलं.

रनाळ्याच्या वेशीत शिरलो तेव्हा सव्वादोन झाले होते. पडद्यावर नऊ टक्के. आप्पा काठी टेकत गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, बाशिंगाकडे पाहिलं, झुलीकडे पाहिलं.

"उनी का वं माय," ते म्हणाले, मुलीला. मग गाडीला.

त्यांनी हॅंडलवर हात ठेवला. मग खाली वाकून पुढच्या चाकाला पाणी घातलं, बैलाच्या खुरांना घालतात तसं. कुंकू लावलं. सासूबाईंनी पुरणपोळीचा घास काढला आणि कुठे ठेवावा ते कुणालाच कळेना. शेवटी सीटवर ठेवला, झुलीवर. मेहुणी म्हणाली, "चार्जिंगच्या भोकात टाकू नका फक्त."

चार वाजता वेशीतून बैल निघाले. आप्पांनी सगळ्या गावाला सांगून टाकलं की आपल्या दाराशीही जनावर आहे, पण ते थकलं आहे, लांबून आलं आहे, मिरवणुकीत येणार नाही. कुणी हसलं की ते स्वतःही हसायचे. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा ते पाराजवळ बसून राहिले, बैल मोजत, कुणाचा कसा ते सांगत.

स्कूटर तीन दिवस गोठ्यात राहिली. झाडलेल्या गोठ्यात, गव्हाणीशी. बायकोही राहिली. तिसऱ्या दिवशी मी डीलरकडून नवा चार्जर घेतला, तेच मॉडेल आहे ना ते दोनदा विचारून, आणि रनाळ्याला गेलो. आप्पांनी चार्जर हातात घेतला, वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सरकवली आणि मगच माझ्याकडे दिली.

"लावा आते," ते म्हणाले. "आनि विळा कठे शे तुमना?"

मी सांगितलं, घरी. ते म्हणाले, तिथेच राहू द्या. मग मी गव्हाणीशेजारचा बोर्ड पाहिला, खालची जमीन कोरडी आहे का ते हाताने चाचपलं, पिन बसवली आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. बायको उंबऱ्यात चप्पल घालून उभी होती.

"किती वाजता निघायचं?" मी विचारलं.

"भरू दे आधी," ती म्हणाली. "मन्ही गाडी शे. घाई काय?"